यूट्यूबचा फॅमिली प्लॅन: ‘एकच घर’ कुणाचं धरतात आणि माणसं किती वेळा बदलता येतात

प्रश्न: यूट्यूब प्रीमियमचा फॅमिली प्लॅन माझ्या नावावर आहे. मी आणि बायको पुण्यात, आई-बाबा आणि कॉलेजला असलेला धाकटा भाऊ सांगलीत, बहीण बंगळुरूला नोकरीला. बहिणीला ईमेल आला की तुम्ही फॅमिली मॅनेजरच्या घरात राहत नाही, १४ दिवसांत तुमचं प्रीमियम थांबेल. तिला काढून पुन्हा घेतलं तर चालेल का? की प्लॅन सरळ बाबांच्या नावावर करू? आणि वर्षातून किती वेळा माणसं बदलता येतात?

उत्तर:

आज तरी कुणालाही काढू नका आणि ग्रुप तर मुळीच डिलीट करू नका. ईमेलमुळे होणारं नुकसान मर्यादित आहे. घाईत केलेल्या बदलाचं नुकसान मात्र वर्षभर पुरतं.

आधी एक गोष्ट वेगळी करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तुमच्याकडे दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे गूगलचा फॅमिली ग्रुप. यात मॅनेजर आणि जास्तीत जास्त पाच सदस्य, अशी सहा माणसं. दुसरी म्हणजे त्या ग्रुपवर चढवलेला यूट्यूबचा फॅमिली प्लॅन. दोन्हींचे नियम वेगळे आहेत. ग्रुपची अट अशी की सगळे एकाच देशात असावेत आणि एका माणसाने एका वेळी एकाच ग्रुपमध्ये असावं. एका छताखाली राहण्याची अट यूट्यूबच्या प्लॅनची आहे. याच ग्रुपवर गूगल वनचं स्टोरेज वाटून घेत असाल, तर त्याला घराची अट लागत नाही.

म्हणूनच बहिणीच्या ईमेलमध्ये सेवा ‘थांबेल’ असं लिहिलंय, तिला ग्रुपमधून काढू असं नाही. चौदा दिवसांनंतरही ती ग्रुपमध्ये राहील. तिचं यूट्यूब जाहिरातींसह चालेल, स्क्रीन बंद करून किंवा दुसरं अ‍ॅप उघडून गाणी ऐकणं आणि डाउनलोड बंद होतील. तिचं खातं, तिने पाहिलेल्या व्हिडिओंची यादी, तिच्या प्लेलिस्ट यांना धक्का लागत नाही, कारण त्या तिच्या स्वतःच्या खात्यात आहेत. गूगल वनची जागाही तिला मिळत राहील. तुम्ही स्वतः तिला काढलंत तर ही जागाही प्रीमियमबरोबर एकदम सुटते, आणि शिवाय वर्षभराची अट मागे लागते.

घर कुणाचं धरतात

घर मॅनेजरचं धरतात. तुमच्या बाबतीत पुण्याचं. सांगलीत तीन माणसं एकत्र राहतात याला या प्लॅनमध्ये वजन नाही, कारण प्लॅन तुमच्या नावावर आहे. प्रत्येक सदस्याचा राहण्याचा पत्ता मॅनेजरच्या पत्त्याशी जुळला पाहिजे, आणि हे तपासण्यासाठी दर ३० दिवसांनी आपोआप पडताळणी होते, असं यूट्यूब स्वतः सांगतं. नियम जुनाच आहे. तो मोडणाऱ्यांना १४ दिवसांच्या नोटिसा जाऊ लागल्याच्या बातम्या मात्र २०२५च्या सप्टेंबरपासूनच्या. त्यामुळे ‘इतकी वर्षं चाललं की’ हा आधार आता धरू नका. आज बहिणीला आलेला ईमेल उद्या सांगलीच्या तिघांना येऊ शकतो, आणि मला वाटतं तुम्ही त्याचीच तयारी करायला हवी.

पडताळणी महिन्याने होते याचा अर्थ असा की सुट्टीला गावी जाणं, कामासाठी आठवडाभर बाहेर असणं याची काळजी नको. प्रश्न राहत्या घराचा आहे. महिनोन् महिने दुसऱ्या शहरात राहणारा माणूस, मग तो रेशन कार्डावर तुमच्याच घरात का असेना, या अटीत बसत नाही. रक्ताचं नातं इथे मोजलं जात नाही. घरात राहणारी आत्येबहीण चालते, बंगळुरूत राहणारी सख्खी बहीण चालत नाही.

खरोखर एकाच घरात राहणाऱ्या माणसाला असा ईमेल आला, तुमच्या बायकोला समजा, तर तो निमूटपणे सोसायचा नसतो. ईमेलमध्येच गूगलच्या मदत विभागाशी बोलण्याची सोय दिलेली असते. मुदत संपण्याआधी तिथून पात्रता पटवून द्यावी. त्याआधी तिच्या फोनवर व्हीपीएन, म्हणजे फोनचं खरं ठिकाण लपवणारं अ‍ॅप, चालू राहिलं आहे का, हे पाहून ते बंद करा. आणि ती ज्या खात्यावर यूट्यूब पाहते तेच खातं ग्रुपमध्ये आहे ना, हेही बघा. फोनमध्ये दोन जीमेल खाती असली की इथे हमखास घोटाळा असतो.

बदल किती वेळा

मॅनेजर म्हणून तुम्ही वर्षात किती माणसं बदलली, यावर गूगलची मोजणी नाही. मोजणी प्रत्येक माणसाची आहे. एका खात्याला बारा महिन्यांत एकदाच फॅमिली ग्रुप बदलता येतो. एखादा सदस्य गेला की त्याची जागा लगेच मोकळी होते आणि तुम्ही तिथे दुसऱ्याला बोलावू शकता. गेलेल्या माणसाचे पाय मात्र बांधले जातात.

हे बहिणीवर लावून पाहू. समजा १० मार्चला ती तुमच्या ग्रुपमधून निघाली आणि बंगळुरूच्या घरातल्या मैत्रिणीच्या ग्रुपमध्ये गेली. ही तिची ग्रुप बदलण्याची वर्षातली एक खेप झाली, आणि ती चालते. जूनमध्ये मैत्रिणीने घर बदललं आणि बहीण त्या ग्रुपमधूनही निघाली. आता तिला तुमच्याकडे परत यायचं असेल, नवऱ्याच्या ग्रुपमध्ये जायचं असेल किंवा तिसऱ्याच कुणाकडे, निदान पुढच्या मार्चपर्यंत कुठलंच दार उघडणार नाही. आमंत्रण पोचेल, पण स्वीकारताना अडेल. तुम्ही तुमच्या बाजूने कितीही वेळा आमंत्रण पाठवलंत तरी उपयोग होत नाही, कारण अडथळा तिच्या खात्यावर आहे.

‘काढून पुन्हा घेणं’ याचं उत्तर इथेच मिळतं. पुन्हा घेतल्याने तिचा पत्ता बदलत नाही, त्यामुळे पुढच्या पडताळणीत पुन्हा तेच होणार, आणि मधल्या मध्ये तिची वर्षाची एकमेव खेप खर्ची पडली असं धरून चालावं लागेल. लग्न, बदली, घर बदलणं अशा खऱ्या कारणासाठी ती खेप राखून ठेवावी.

याच कारणाने, इंटरनेटवर पन्नास-साठ रुपयांत फॅमिली प्लॅनमधली ‘सीट’ विकणाऱ्यांपासून घरातल्या सगळ्यांना दूर ठेवा. विकणाऱ्याने दोन महिन्यांनी ग्रुप मोडला की त्याचं काही जात नाही. विकत घेणाऱ्याचं खातं मात्र वर्षभर स्वतःच्या घरच्या ग्रुपमध्ये येताना अडू शकतं. उलट बाजूने, तुमच्या ग्रुपमध्ये रिकामी जागा आहे म्हणून अनोळखी माणूस घेणंही तितकंच वाईट. गूगल प्लेवर कुटुंबाची सामायिक पेमेंट पद्धत चालू असेल तर सदस्याची खरेदी मॅनेजरच्या कार्डावर पडू शकते.

बाबांच्या नावावर करण्याचा विचार

विचाराची दिशा बरोबर आहे, पण तुम्ही म्हणता तसं ‘नावावर करणं’ गूगलमध्ये नाही. मॅनेजरपद दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. मॅनेजर ग्रुप सोडूनही जाऊ शकत नाही, त्याला फक्त ग्रुप डिलीट करता येतो. डिलीट केला की सहाही जण एकाच क्षणी बाहेर पडतात, सगळ्यांचं प्रीमियम आणि वाटून घेतलेलं स्टोरेज सुटतं, आणि पुढे ज्या ग्रुपमध्ये जातील ती प्रत्येकाची वर्षाची खेप ठरते. सांगलीच्या तिघांसाठी तुमची, तुमच्या बायकोची आणि बहिणीची खेपही जाळण्याची गरज नाही.

ग्रुप मोडू नका, वाटून घ्या. तुमचा ग्रुप आहे तसा ठेवा, आणि सांगलीच्या घराचा वेगळा ग्रुप उभा करा. पैशांचं गणित आधी बघू. २०२४च्या ऑगस्टमध्ये झालेल्या दरवाढीनंतर भारतात फॅमिली प्लॅन महिन्याला २९९ रुपये, एकट्याचा १४९ आणि विद्यार्थ्याचा ८९ असे दर ठरले. पैसे भरण्याआधी अ‍ॅपमध्ये आजचा दर एकदा पाहून घ्या, पण हिशोबाची पद्धत हीच राहील.

सांगलीत तीन माणसं आहेत. तिघांनी वेगवेगळं घेतलं तर ४४७ रुपये, फॅमिली घेतला तर २९९. भावाला विद्यार्थी सवलत मिळत असेल तर दोघांचे २९८ आणि त्याचे ८९, म्हणजे ३८७. तरीही फॅमिलीच स्वस्त. पुण्यात तुम्ही दोघं आहात. दोन वेगळ्या प्लॅनचे २९८ आणि फॅमिलीचे २९९, फरक एका रुपयाचा, त्यामुळे आहे तो प्लॅन चालू ठेवण्यात काही बिघडत नाही, आणि घरात तिसरं माणूस राहायला आलं तर त्याची सोय होते. बहिणीचे १४९. सगळे मिळून ७४७. आज तुम्ही सहा जणांचे मिळून २९९ भरताय हे खरं, पण तो दर सहा जण एका घरात राहतात असं गृहीत धरून लावलेला आहे. तिघांना खरंच प्रीमियम लागतं का, हेही विचारून घ्या. बाबा महिन्यातून चार भजनं ऐकत असतील तर त्यांना जाहिराती चालतीलही.

सांगलीचा ग्रुप करताना क्रम

पहिली पायरी बहुतेक जण गाळतात, ती म्हणजे स्टोरेज पाहणं. तुमच्या ग्रुपवर गूगल वन असेल तर आई, बाबा आणि भाऊ यांच्या प्रत्येक फोनवर one.google.com/storage उघडा आणि त्यांनी स्वतः किती जागा वापरली आहे ते बघा. प्रत्येकाला फुकट मिळतात १५ जीबी. आईच्या फोटोंनीच २२ जीबी घेतली असेल, तर ग्रुपमधून निघताक्षणी ती सात जीबीने मर्यादेबाहेर जाते. फोटो लगेच पुसले जात नाहीत, पण नवे फोटो बॅकअप होत नाहीत आणि जीमेलवर ईमेल येणं थांबतं. बँकेचे, हॉस्पिटलचे ईमेल येत नाहीत, आणि ते का येत नाहीत हे घरात कुणाला कळत नाही. दोन वर्षं तसंच राहिलं तर गूगल तो मजकूर काढून टाकू शकतं. म्हणून आधी मोठे व्हिडिओ उतरवून हार्ड डिस्कवर ठेवा, किंवा सांगलीच्या ग्रुपसाठी वेगळं गूगल वन घ्यायचं हे आधी ठरवा.

मग मॅनेजर ठरवा. भाऊ फोनमध्ये हुशार म्हणून त्याला मॅनेजर करण्याचा मोह होईल. करू नका. दोन-तीन वर्षांत तो शिक्षणाला किंवा नोकरीला बाहेर पडेल, आणि मॅनेजर बाहेर पडला की घरच बदललं. आई-बाबा त्याच्या पत्त्याशी जुळेनासे होतात आणि ग्रुप पुन्हा मोडावा लागतो. जो माणूस त्या घरात सगळ्यात जास्त काळ राहणार तोच मॅनेजर हवा, म्हणजे बाबा. बटणं भावाने दाबली तरी चालतील, फक्त खातं बाबांचं असू द्या. मॅनेजर १८ वर्षांपुढचा हवा आणि खातं साधं जीमेलचं हवं. कार्यालयाने किंवा कॉलेजने दिलेलं वर्कस्पेस खातं मॅनेजरसाठी चालत नाही. सदस्य किमान १३ वर्षांचा असावा लागतो.

आता प्रत्यक्ष बदल. बाबांच्या फोनवर families.google.com उघडून त्यांच्या खात्याने साइन-इन करा आणि मेनूतून Leave family group निवडा. पासवर्ड विचारला जाईल. तो आधीच लिहून ठेवा, कारण आई-वडिलांच्या पासवर्डपाशीच असली कामं अडतात. बाबा बाहेर पडले की त्यांचं प्रीमियम त्याच क्षणी जातं, महिन्याचे उरलेले दिवस मिळत नाहीत. मग त्याच फोनवर यूट्यूबमध्ये फॅमिली प्लॅन घ्या. घेताना गूगल नवा फॅमिली ग्रुप तयार करायला सांगतं. देश भारत आहे ना आणि पैसे बाबांच्याच पेमेंटमधून जातात ना, हे तपासा. ग्रुप उभा राहिला, पैसे कापले गेले, बाबांच्या यूट्यूबवर प्रीमियमचं चिन्ह दिसलं, की मगच आई आणि भाऊ यांना तुमच्या ग्रुपमधून निघू द्या. हा क्रम उलटा झाला आणि बाबांचं पेमेंट अडलं, तर तिघेही बाहेर बसतात.

त्यानंतर बाबांच्या खात्यातून दोघांना आमंत्रण पाठवा. आमंत्रण दोन आठवडे टिकतं, नंतर पुन्हा पाठवावं लागतं. स्वीकारताना वर उजव्या कोपऱ्यात कुठलं खातं दिसतंय ते वाचा. आईच्या फोनमध्ये दुकानदाराने काढून दिलेलं एक खातं आणि तुम्ही काढून दिलेलं दुसरं, असं असतं. आमंत्रणाची लिंक भलत्याच खात्यात उघडली आणि स्वीकारली गेली, तर ग्रुपमध्ये आई दिसते पण तिच्या यूट्यूबवर जाहिराती चालूच. असं झालं तर घाबरू नका. बाबांनी चुकीचं खातं Remove member ने काढावं आणि बरोबर खात्याला आमंत्रण द्यावं. जे खातं ग्रुपमध्ये आलंच नाही त्याची खेप खर्च झालेली नसते.

हे एकदा झालं की सांगलीचे तिघं वर्षभर तिथेच राहणार असं धरा. सहा महिन्यांनी आई नातवंडासाठी पुण्यात राहायला आली म्हणून तिला तुमच्या ग्रुपमध्ये ओढायला जाल तर अडाल.

बहिणीला ग्रुपमध्येच राहू द्या आणि तिच्या खात्यावर एकटीचा प्लॅन घेता येतो का ते आधी बघा. तिच्या फोनवर तो पर्याय मिळत नसेल, तरच तिने ग्रुप सोडावा. त्या आधी तिच्याही स्टोरेजचा आकडा पाहा.

इतर सेवांमध्ये काय वेगळं

घरात स्पॉटिफायही फॅमिलीवर चालत असेल तर तिथेही एकच पत्ता आणि बारा महिन्यांत एकदाच प्लॅन बदलण्याची मुभा. फरक इतका की तिथे पत्ता उघडपणे विचारतात. मॅनेजरने जो पत्ता टाकला आहे तोच सदस्याला टाकावा लागतो, आणि आपल्याकडे इथेच लोक अडकतात. मॅनेजरने सोसायटीचं नाव टाकलेलं असतं, सदस्य ‘अमुक शाळेसमोर’ म्हणून लिहितो, आणि खरोखर एकाच घरात राहूनही नकार येतो. मॅनेजरच्या स्क्रीनवरचा पत्ता जसाच्या तसा पाठवून घ्या आणि यादीतून तोच निवडा. घर बदललं तर पत्ता मॅनेजरनेच बदलायचा असतो.

अ‍ॅपलच्या फॅमिली शेअरिंगमध्येही मॅनेजरसकट सहा जण आणि वर्षातून एकदाच दुसऱ्या कुटुंबात जाण्याची सोय आहे.

भाऊ संगणकावर खेळ खेळत असेल तर स्टीम या खेळ विकणाऱ्या सेवेतल्या कुटुंब-ग्रुपचा नियम त्याला आधी सांगून ठेवा, कारण तो सगळ्यांत कडक आहे. तिथे माणूस अडतोच, शिवाय त्याची जागाही अडते. प्रौढ सदस्य कुटुंबातून निघाला, तर तो आत आल्यापासून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत त्याला दुसरं कुटुंब जोडता येत नाही किंवा नवं काढता येत नाही, आणि त्याची रिकामी जागाही वर्षभराच्या मुदतीत अडकते. गूगलच्या सवयीने ‘मित्राला दोन दिवस घेऊ, मग काढू’ असं केलं, तर सहातली एक जागा वर्षासाठी गेलीच.